सगळीच पानं रंगीत

पान एक: रंगीत.
पान दोन: रंगीत.
पान तीन, ज्यावर काळ्या रेघांखेरीज काळं कुत्रं नाही: रंगीत.

सातपूरच्या कारखान्यात तेजस्विनीचा प्रोग्राम सकाळपासून हाच पाढा म्हणत होता. जुनी ड्रॉइंगं स्कॅन करून काळीपांढरी, करडी आणि रंगीत अशी वेगळी साठवायची होती. प्रोग्राम प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे बघे. तिन्ही जवळपास सारखे, तर ठिपका बिनरंगी. मोठ्या आणि लहान आकड्यांत तीसहून जास्त फरक, तर रंगीत. असे ठिपके हजारात एकाहून जास्त निघाले की पान रंगीत. नाहीतर बघायचं, नुसती काळीपांढरी टोकं आहेत की मधल्या छटाही.

"इतकं सोपं," असं ती वेणीमाधव सरांना म्हणाली होती. तेच अंगाशी आलं.

"जेवणापर्यंत बघतो," सर म्हणाले. "नाहीतर सगळं काळंपांढरं करू. फाइली हलक्या, डोकंही हलकं."

"आणि लाल पेन्सिल, सर?"

छापील माप बदललं की जुने फोरमन शेजारी लाल पेन्सिलीने नवं माप लिहीत. काळंपांढरं केलं तर दोन्ही मापं काळी. पुढचा माणूस कुठलंही उचलणार.

"तीसची अट वाढव ना," स्कॅनरपाशी बसलेला योगेश म्हणाला.

साठ केली. रंगीत. शंभर. रंगीत. दीडशे केली, आणि एकही पान रंगीत राहिलं नाही. लाल पेन्सिलीचंसुद्धा.

"पेन्सिल फिकी, आणि सगळ्याच पानांवर दुसरा कुठला तरी रंग आहे, तिच्याहून भडक," ती पुटपुटली. "पण कुठला?"

अट परत तीसवर. मग तिने प्रोग्रामला सांगितलं: बाबा रे, रंगीत ठिपके तेवढे दाखव, बाकी पांढरं कर.

|
|
|

प्रत्येक पानावर, त्याच जागी, वरपासून खालपर्यंत, एक रेघ.

स्कॅनरची काच जागची हलत नाही, पान तिच्यावरून सरकतं. काचेवर ठिपका, तर पानावर रेघ. योगेशने झाकण उघडलं.

"कुंकू," तो म्हणाला.

तेजस्विनी वाकून काच बघू लागली.

"खंडेनवमीला मशीनची पूजा कोणी केली?"

"मी," तेजस्विनी म्हणाली. "नवीन मशीन, म्हणून जरा सढळ हाताने."

"मग पूस."

"तुम्ही पुसा, योगेशभाऊ."

"मी नाय बाबा. कुंकू पुसायचं नसतं. माझी आई ऐकेल तर जेवायला वाढायची नाही."

जेवणाची घंटा झाली. सर दारात उभे. तेजस्विनीने ओल्या फडक्याने काच टिपली आणि फडक्यावरचा लाल ओलावा बोटाने झाकणाच्या बाहेरच्या बाजूला लावला.

"पुसलं नाही," ती म्हणाली. "कपाळावर सरकवलं."

पान एक: काळंपांढरं.
पान दोन: करडं.
पान तीन: काळंपांढरं.
पान चार, लाल पेन्सिलीचं: रंगीत.

सरांनी पडद्यावर वाकून दोन्ही मापं वाचली, काळं आणि लाल. "चालू द्या," म्हणाले.

पान पाच: रंगीत.

पेन्सिल नव्हती. कुण्या फोरमनने त्यावर चहा सांडला होता. सर पुन्हा वाकायच्या आत तेजस्विनीने पान सहा सरकवलं.