संगमरवरावरचे पांढरे चट्टे

मिस्त्रींना फरशी म्हटली की जेवण सुचत नसे. तीस वर्षं संगमरवराला पॉलिश करण्यात गेली होती, तरी खराब झालेली फरशी दिसली की माणूस अजून गुडघ्यावर बसे आणि तिच्याशी बोलायला लागे. त्यामुळे सकाळी हॉटेलच्या मॅनेजरांचा फोन आला, "लॉबीची वाट लागलीय, संध्याकाळी पाचला दोनशे पाहुणे येतायत," तेव्हा चहाचा कप तसाच टाकून ते उठले. मशीन, पॅड आणि बायको, सगळं टेम्पोत. बायको खरं तर स्वतःच चढली. मशीन तिच्याइतकं हलक्या हाताने चालवणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि हे ती त्यांना आठवड्यातून दोनदा ऐकवायची.

लॉबीत पाऊल टाकलं आणि मिस्त्री दारातच थबकले. सहा महिन्यांपूर्वी आरशासारखी करून दिलेली फरशी, आणि काउंटरपासून सोफ्यांपर्यंत पांढुरके, निस्तेज चट्टे. कुठे थेंब, कुठे ग्लासाच्या बुडाएवढी गोल कडी.

"अ‍ॅसिड," मॅनेजर म्हणाले. "सफाईच्या मावशींनी संडासाचं अ‍ॅसिड इथे वापरलंय. कामावरून काढल्याचं पत्र टाइप करून ठेवलंय. पाहुण्यांआधी त्यांना घरी पाठवतो."

खांबाला टेकून मावशी उभ्या होत्या. अकरा वर्षं त्या इथे कामाला. रडत नव्हत्या, फक्त हातातला फडका पिळत होत्या आणि तो केव्हाचाच कोरडा झाला होता. "भाऊ, मी साध्या साबणाशिवाय दुसरं काही लावलं नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं ऐकतंय कोण?"

मिस्त्री बसले गुडघ्यावर. एका चट्ट्यावर नख फिरवलं, मग बोटाचं टोक, मग गाल जवळजवळ फरशीला टेकवून खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं. हळूहळू त्यांचे डोळे चमकायला लागले. बायकोने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ही चमक म्हणजे आता तासभर व्याख्यान.

"साहेब, पहिली गोष्ट, हा डाग नाही," ते म्हणाले. "डाग म्हणजे काहीतरी आत मुरतं, दगड काळवंडतो. इथे दगडच खाल्ला गेलाय. संगमरवर म्हणजे चुन्याच्याच जातीचा. आंबट काही पडलं की वरचा गुळगुळीत थर विरघळतो, उजेड नीट परतत नाही, म्हणून निस्तेज दिसतं. कितीही पुसा, जाणार नाही. पुसण्यासारखं तिथे काही नाहीच."

"म्हणजे अ‍ॅसिडच ना."

"कुठलं, ते बघू." टेम्पोतून त्यांनी संगमरवराचा एक जुना तुकडा आणला. संडासाच्या अ‍ॅसिडची बाटली मागवून तिच्यातला एक थेंब त्यावर सोडला. थेंब फसफसून उकळल्यासारखा झाला. धुतल्यावर तिथे खरखरीत खड्डा उरला, नख अडकेल असा. "आता फरशीवरच्या चट्ट्यावर बोट फिरवा. नख कुठे अडकत नाही. हे सौम्य आंबटाचं काम. आणि मावशींचा पोछा असता तर लांबलचक पट्टे उठले असते. ह्या तर कड्या आहेत, आणि थेंब सोफ्याकडे चाललेत. तुम्ही पाहुण्यांना आल्या आल्या काय देता?"

मॅनेजरांनी सोफ्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लिंबू पाणी."

मावशींच्या हातातला फडका थांबला. मिस्त्रींना वाटलं, झालं, जिंकलो. छाती फुगली. पण मॅनेजर काही सोडणारे नव्हते.

"लिंबू पाणी तर वर्षभर सांडतंय. पूर्वी मावशी लगेच पुसायच्या. आणि तुम्हीच फरशीला तो सीलर लावलात ना? तुम्हीच म्हणालात, आता यावर काहीही सांडू दे. म्हणून तर मी मावशींना सांगितलं, फडका घेऊन लॉबीत घुटमळू नका, पाहुण्यांना बरं दिसत नाही. मग लिंबाने कसं होईल? बाटलीतलंच असणार."

मिस्त्रींनी हातातला तुकडा खाली ठेवला. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. तिला तो दिवस आठवत होता, त्यांनाही. फरशी झळकली होती, कर्मचारी टाळ्या वाजवत होते, आणि स्वारी हवेत जाऊन बोलली होती, काहीही सांडू दे.

गप्प बसता आलं असतं. मॅनेजरांना काय कळत होतं? मावशींचं पत्र टाइप झालेलंच होतं, आणि मिस्त्रींचं नाव अख्ख्या शहरातल्या हॉटेलांत होतं. क्षणभर तो विचार त्यांच्या मनात आलाही. मग त्यांनी खिशातून सीलरची लहान बाटली काढली.

तुकड्याच्या दुसऱ्या, चकचकीत बाजूच्या अर्ध्या भागावर त्यांनी सीलर लावला, नीट मुरू दिला, उरलेला पुसून काढला. तो वाळेपर्यंत बायकोने लॉबीच्या कडांना चिकटपट्टी लावली. मग दोन्ही अर्ध्यांवर लिंबू पिळलं. सगळा स्टाफ भोवती जमला. पाच मिनिटं लिंबू तसंच राहू दिलं. धुऊन पुसलं, तर दोन्हीकडे सारखाच चट्टा.

"सीलर छिद्रांत बसतो," मिस्त्री म्हणाले. "तेल, चहा आत जाऊ देत नाही. पण दगडाच्या वरच्या थराला आंबटापासून तो वाचवत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी बढाई मारायच्या नादात मी चुकीचं बोललो. तुम्ही त्यावर विश्वास ठेवला आणि मावशींचा फडका बंद केलात. चूक माझी आहे, त्यांची नाही."

मॅनेजर लालबुंद झाले. पत्राची घडी खिशातून काढून त्यांनी चुरगाळली, पण मावशींकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. "फरशी पाचच्या आत हवी," एवढंच म्हणाले. "आणि तुमच्याशी मी नंतर बोलतो."

"नंतर ओरडा हवं तेवढं," बायको म्हणाली. "आत्ता पाणी आणायला माणूस द्या."

मग जी धांदल उडाली, ती बघण्यासारखी होती. वरवरच्या चट्ट्यांवर पॉलिश पावडरचा ओला लगदा आणि मशीनवर मऊ पॅड. लगदा वाळू द्यायचा नाही, म्हणून मिस्त्री शिंपडत राहिले आणि बायको सावकाश मशीन फिरवत राहिली. काउंटरजवळचे खोल चट्टे नुसत्या पावडरला जुमानत नव्हते. तिथे आधी हिऱ्याच्या कणांचे पॅड, एकापेक्षा एक बारीक, आठशे नंबरचा, पंधराशेचा, मग तीन हजारचा, आणि दर पॅडनंतर स्वच्छ धुणं, नाहीतर आधीचाच कण नवी रेघ ओढतो. मावशींनी न सांगता बादली घेतली आणि प्रत्येक धुणं त्याच करायला लागल्या. साडेचारला खिडकीचा उजेड फरशीवरून सरळ काउंटरपर्यंत गेला, कुठे अडखळला नाही. मिस्त्रींना उडी मारावीशी वाटली. गुडघे नसते दुखत तर मारलीही असती.

"आता नीट ऐका," ते मॅनेजरांना म्हणाले. "हे पुन्हा होऊ शकतं. लिंबू पाण्याचे ग्लास तिकडच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर मांडा, ग्रॅनाइटला लिंबू सहसा काही करत नाही. काउंटरभोवती मी नंतर चकाकी उतरवून मॅट करून देतो, तिथे चट्टे कमी दिसतात. पारदर्शक फिल्मही चिकटवता येते. आणि सांडलं की त्याच क्षणी टिपायचं."

पाच वाजता पाहुणे आले, लॉबी भरली. एका बाईंच्या हातून ग्लास निसटला आणि लिंबू पाणी भर मधोमध पसरलं. दोन वेटर धावले, सुपरवायझर मोठा पोछा घेऊन निघाला. मॅनेजरांनी हात आडवा केला.

"थांबा, कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "मावशींना येऊ द्या."

गर्दीने वाट करून दिली. मावशी आल्या, बसल्या, फडक्याने कडेकडून आत टिपत गेल्या, पसरू न देता. मग स्वच्छ पाणी, मग कोरडा फडका. दोनशे माणसं शांतपणे बघत होती, आणि मॅनेजर हातात बादली धरून त्यांच्या शेजारी वाकले होते.