कालिंदीचा विसावा

वाशीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रेकिंग ऑफिसात बाजीराव भोईर आला तोच तापलेला. करंजाड्याचा हा बिल्डर धाकट्या भावाला, कान्हाला, घेऊन हिमालयातली कालिंदी खिंड ओलांडायला निघणार होता; पण इमारतीचा ताबा रखडला आणि त्याने निघणं तीन दिवसांनी पुढं ढकललं.

"तारखा सरकव," तो म्हणाला. कान्हा त्याच्या मागे दारात उभा होता.

"परवान्याच्या तारखा ठरलेल्या आहेत, भाऊ," रंजिता म्हणाली. ट्रेकची आखणी तीच करायची. "उशिरा निघालात तर गंगोत्रीचा आणि नंदनवनचा विसाव्याचा दिवस जातो, हवा बिघडली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला राखीव दिवसही जातो. अंगाला विरळ हवेची सवय न होता एवढ्या उंचीवर नेणार नाही मी."

"मग नवा परवाना काढ."

"तो हातात येईतो ऑक्टोबर सरेल. खिंडीत बर्फ साचलेलं असेल. पुढच्या सप्टेंबरात जाऊ."

"गावभर सांगून बसलोय मी! विसावा नको आमाला. आमी काय आजारी हाय?"

रंजिताने उत्तरकाशीच्या माणसाला हमालांचं बुकिंग रद्द करायला सांगण्यासाठी फोन उचलला. बाजीरावने तिचं मनगट धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. कट् झालं. ती किंचाळली. भिंतीवरची बर्फकुऱ्हाड ओढून त्याने लॅपटॉपवर घातली. काच उडून तिच्या गालात रुतली.

"दादा, बस कर!" कान्हा मधे पडला. "मागच्या साली लडाखला मी रात्रभर ओकत होतो. डोकं फुटत होतं. तू बोललास, गप ऱ्हा, लोक हसतील."

"गप!"

"नाय गप बसनार! मला मारायला नेतोस काय?"

बाजीरावने कुऱ्हाड फिरवली. पातं कान्हाच्या खांद्यात शिरलं. रक्त शर्टभर पसरलं, पण पोरगा मागे हटला नाही; त्याने डोक्यानेच भावाच्या तोंडावर धडक दिली. दात तुटल्याचा आवाज आला. दोघे खुर्च्यांसकट कोसळले. कान्हा त्याच्या छातीवर बसून एका हाताने ठोसे घालत राहिला, आणि रंजिताने पायाने कुऱ्हाड दाराबाहेर ढकलली.

"ताई, फोन लाव!" तो ओरडला.

तिने डाव्या हाताने फोन लावला. कळ मस्तकात जात होती. "कालिंदीचा ग्रुप रद्द," ती म्हणाली, "हमाल मोकळे करा." मग पोलिसांना फोन केला.

बाजीराव उताणा पडून रक्त थुंकत होता. "परका केलास रे मला," तो भावाला म्हणाला.

पोलीस येईपर्यंत कान्हा त्याच्या छातीवरून उठला नाही.

रंजिताच्या मनगटाला प्लास्टर घातलं गेलं, कान्हाच्या खांद्याला टाके पडले. दवाखान्यातून निघताना त्याने विचारलं, "पुढच्या साली मी एकटा आलो तर?"

"ये," ती म्हणाली. "पण आधी डॉक्टरला सगळं सांगून ये. लडाखचंही."