लोकांसाठीचं वाक्य

राविया मनःस्वास्थ्याच्या व्हिडिओंची वाक्यं लिहायची. कैरोतल्या त्या कोंदट ऑफिसात सकाळी तिने कालचा व्हिडिओ लावला आणि तिला किळस आली.

तिने लिहिलं होतं, "काही दिवस फार जड जातात. तुम्ही एकटे नाही. हे बरेच दिवस टिकलं तर डॉक्टरांशी बोला. गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका." निर्माता शौकीने ते सगळं कापून त्याजागी घातलं होतं, "झोप नाही, भूक नाही? मग हे नैराश्यच! गोळ्या सोडा, श्वास घ्या."

"आपण डॉक्टर आहोत का रे? माणसाला न बघताच आजाराचं नाव सांगून टाकायचं?" तिने समोर जेवत बसलेल्या शौकीला विचारलं.

"बाई, तुझं 'जड जातात' ऐकून झोप येते. आणि खाली लिहिलंय ना, हा वैद्यकीय सल्ला नाही!"

"मुंगीएवढ्या अक्षरांत! लाज कशी वाटत नाही तुला?"

कोशरीचा, त्या डाळ-भात-मॅकरोनीचा, घास तोंडात कोंबून तो हसला. तोच त्याचा फोन वाजला. फोन त्याच्या आईचा, हाज्जा इन्शिराहचा होता. आवाज बाहेरपर्यंत आला, "बाळा, तुझ्या व्हिडिओतली बाई म्हणाली, म्हणून मी कालपासून गोळ्या बंद केल्यात. हात थरथरतायत रे."

शौकीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवतात का? आत्ता त्यांना फोन लाव!"

"पण तूच तर सांगितलंस!"

"अगं, ते तुझ्यासाठी नव्हतं," शौकी ओरडला, "ते लोकांसाठी होतं!"