उलट्या तिरकीचे टाके

हे काम नीट पार पडलं तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब लेकीने साडीची घडी उलगडायच्या आधीच मांडला होता. बापाच्या तोंडून "आता दुकान तूच बघ" निघेल, आणि दारात आलेलं गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून आत डोकावून "मोठे आहेत का?" असं विचारणार नाही. बारा वर्षं ती जरीच्या साड्या साफ करत होती. पण हात तिचा आणि नाव बापाचं.

साडी मास्तरीणबाईंच्या आईची होती. किनार तपकिरी-काळी पडलेली, पदरावरच्या सात फुलांतली काही तर तव्यासारखी.

"घरी चांदी चमकवायचं पाणी आहे," बाई म्हणाल्या. "वाटलं, बुडवावी."

"बुडवली नाहीत, उपकार झाले. त्या पाण्यात आधी काळेपणा जातो, मग सोन्याचा मुलामा, मग तारच. लिंबू-चिंचेचंही तेच. शेवटी हातात पिवळं रेशीम राहतं."

बाप मागच्या खोलीतून चष्मा पुसत आला. पदर पाहिला आणि पुन्हा चष्मा पुसायला लागला. बाई गेल्यावर म्हणाला, "किनार घे. फुलांना नुसता ब्रश. बाकी हात लावायचा नाही."

"का?"

"जुनं काम आहे."

"मग किनार काय काल विणली?"

तो चष्मा डोळ्यावर चढवून मागच्या खोलीत गेला. एरवी या माणसाला उत्तरासाठी कधी शोधाशोध करावी लागत नसे.

लेकीने बारीक जाळी अंथरून मऊ ब्रशने धूळ काढली. खाली टीपकागद घेतला. किनारीच्या आतल्या टोकाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवून पाहिला. मग खडूची वस्त्रगाळ पूड स्पिरिटात कालवून, तारेच्या दिशेने, बोळा न घासता नुसता लोळवत नेला. बोळा काळा झाला की नवा. तीन दिवसांत किनार मंद सोनेरी झाली. आणखी चमकवायचा मोह तिने आवरला. वर्खाएवढं सोनं, जास्त लाड केले तर बोळ्यावर येतं.

चौथ्या दिवशी बाप बाहेर गेला आणि हिला फुलं दिसू लागली. आवरलेला मोह दुसऱ्या दाराने आत आला. किनारीची चाचणी झालीच होती, फुलांची वेगळी कशाला? या धंद्यात चूक होते ती इथेच : एका साडीवर एकाच प्रकारची जर असेल असं धरून चालणं. तिसऱ्या बोळ्याला पाकळी उजळली, आणि पाचव्याला लाल झाली.

तांबं! जरीची तार खरी असती तर खाली चांदी दिसली असती. हे तांब्याच्या तारेवरचं नावापुरतं चांदीचं पाणी होतं, आणि ते आता बोळ्यावर आलं होतं.

तिने पदर उलटा केला. मागच्या बाजूला तीन फुलांचे टाके उजवीकडे झुकलेले, चारांचे डावीकडे. डावखुऱ्या हाताचे. बापाच्या त्याच डाव्या हाताला धरून ती टाका शिकली होती.

बाप आला तेव्हा पदर तसाच उलटा होता.

"सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून?"

"तुम्ही लावला नसता तर माझ्या हाताने काय बिघडलं असतं?"

तो बाकावर बसला. "फुलं उसवली होती, दुरुस्तीला आली होती. खरी जर काढून आटवायला दिली, खोटी भरली. तेव्हा सगळेच करायचे."

"सगळ्यांची साडी माझ्या टेबलावर नाहीये. तुम्ही बाईंना सांगा. नाहीतर मी सांगते."

"दुकानाचं नाव जाईल. तुलाच मिळणार आहे ना ते?"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी बापाने स्वतःच सांगितलं, उभं राहून. लाल पाकळीचा दोष लेकीने आपल्याकडे घेतला. तो तिचाच होता. बाई ओरडतील असं दोघांनी धरलं होतं. बाई खुर्चीत बसल्या.

"काही फुलं किनारीच्या आधी काळी पडली, तेव्हाच आईला कळलं होतं जर बदललीये," त्या म्हणाल्या. "पण साडी तेव्हा वहिनीच्या कपाटात होती, आणि या दुकानावर आमचा विश्वास. आईने तिलाच धरलं. मीही. वहिनी शपथा घेत राहिली. मग घेईनाशी झाली. सव्वीस वर्षं, घरात कुठली वस्तू सापडली नाही की आम्ही सगळे तिच्याकडे बघायचो."

"मी येतो," बाप म्हणाला. "त्यांच्या पाया पडतो."

"गेल्या वर्षी गेली ती."

बाई साडी घेऊन गेल्या. घडी घालताना लाल पाकळी त्यांनी वर ठेवली. लेकीने मजुरी घेतली नाही. बापाने त्या दिवसापासून सुई घेतली नाही.

जमाखर्च सरळ होता. चार फुलांची चांदी, चिमूटभर, बापाने घेतली. तिचं काय केलं हे त्याला आठवतही नव्हतं. साडीवाल्या आईने संशय घेतला, बाईंनी वहिनीशी अबोला धरला, लेकीला दुकान मिळालं. भरणारी मात्र एकटी वहिनी, सव्वीस वर्षं, आणि तिने घेतलं काहीच नव्हतं.