एक जून सोडून

पेडगावच्या शाळेतल्या एका जुन्या गुरुजींनी एकट्याच्या हिमतीवर अर्धं गाव एक जूनला जन्माला घातलं होतं. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला त्यांनी जन्मतारीख विचारली की बाप आभाळाकडं बघायचा, गुरुजी बापाकडं बघायचे, आणि दोघांचंही समाधान होईना तेव्हा दाखल्यावर एक जून पडायचा. जिंतूरकडच्या गुरुजींनीही हाच धंदा मन लावून केला होता. त्यामुळं गावागावात व्हॉट्सॲप आल्यापासून एक जूनला कुणाच्याच हातून काम होत नाही. पन्नाशीच्या पुढची माणसं सकाळपासून एकमेकांना केक धाडत बसतात, आणि दुपार कलली की आपणच धाडलेला केक चार गावं फिरून आपल्याकडंच परत येतो.

दत्तरावांचा घात असल्याच एका केकनं केला.

दत्तराव म्हणजे पेडगावचे मेंढरंवाले. त्यांची लेक चंदा जिंतूरच्या अलीकडं एका वाडीत दिलेली. तिचे सासरे माणिकराव हेही मेंढरंवाले, मिशीला पीळ असलेले, आणि अर्थातच एक जूनचे. मागच्या एक जूनला दत्तरावांनी व्याह्यांना एक झकास मेसेज पुढं ढकलला. वरच्या ओळी वाचल्या: दमदार व्यक्तिमत्त्व, दिलदार स्वभाव, लाखात एक. दत्तरावांना पटल्या. खाली 'अधिक वाचा' असं लिहिलं होतं, पण दत्तराव अधिक वाचणाऱ्यांपैकी नव्हते.

माणिकरावांनी मात्र वाचलं, आणि तेही सोयऱ्याधायऱ्यांच्या बैठकीत, मोठ्यानं. खाली लिहिलं होतं की अशा आमच्या लाडक्या ताई, महिला बचत गटाच्या अध्यक्षा, यांना उदंड आयुष्य लाभो. शुभेच्छुक, समस्त भगिनी.

बैठक हसली. माणिकरावांनी उत्तरादाखल एक अंगठा धाडला, आणि त्यानंतर वर्षभर काहीच धाडलं नाही. पंचमीला लेकीनं माहेरी यायचं, तिला आणायला भावानं मुराळी म्हणून जायचं, ही रीत. चंदाचा भाऊ मल्हार गेला आणि एकटाच परत आला. "सोयाबीनचं खुरपण हाय, सवड न्हाई," असं माणिकराव बोलले होते. दिवाळीला कापूस वेचायचा होता. संक्रांतीला काय काम होतं ते त्यांना सुचलं नसावं, त्यांनी नुसतंच नाही म्हटलं.

"तुमच्या त्या बोटानं पोरीचं म्हायेर तोडलं," दत्तरावांची बायको बानूबाई रोज एकदा म्हणायची. दत्तराव बोटाकडं बघायचे. बोट काही बोलायचं नाही.

यंदा उन्हाळा सरत आला तशी दत्तरावांनी सुनेला हाक मारली. मल्हारची बायको विजयमाला बारावी शिकलेली. गावातल्या निम्म्या बायांच्या फोनमधली जागा तीच रिकामी करून द्यायची.

"विजू, यंदा पाव्हण्याला असा मेसेज धाडायचा की त्यो विरघळला पायजे."

"दाखवा मामा, काय धाडायलाव?"

दत्तरावांनी एक दाखवला. त्यात गुलाब होता, सूर्य होता, आणि सूर्यावर बसलेला मोर होता.

"ह्यो बाण दिसायलाय का वर? फॉरवर्ड केलं की ह्यो लागतोच. समोरच्याला लगेच कळतंय की उष्टं हाय."

"मग अक्षरं कॉपी करून नव्यानं डकव. मग तर न्हाई ना लागत?"

"न्हाई लागत. पन मामा, बाण गेला तरी उष्टं ते उष्टंच." विजयमालानं मजकूर वाचला. "दमदार, दिलदार, शानदार. ह्यात चंदाताईच्या सासऱ्यांचं काय हाय? नाव बदललं की शेजारच्या भुजंगभाऊला चालंल. नाव काढलं की आपल्या मेंढरांतल्या एडक्याला चालंल."

दत्तरावांनी एडक्याकडं पाहिलं. दमदार होता. दिलदारही असावा.

"जे दुसऱ्या कुनाला धाडता येतंय, ते त्यांचं न्हाई," विजयमाला म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

तिनं हे सहज म्हटलं होतं. पण दत्तराव मेंढरांमागं चालणारा माणूस. एक गोष्ट डोक्यात घेतली की ती दिवसभर हाकत न्यायची सवय. संध्याकाळी ते परत आले ते थेट चुलीपाशी.

"विजू, मजकूर ऱ्हाऊ दे. तारीखच त्याची न्हाई की गं. एक जून तर मलाबी हाय, भुजंगालाबी हाय. ती गुरुजीची हाय. पाव्हण्याची खरी कोनती?"

विजयमालाची तव्यावरची भाकरी जरा जास्तच भाजली. सासऱ्याकडं तिनं अशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, हे माझ्याबी डोक्यात आलं नसतं."

खरी तारीख माहीत असणारं एकच माणूस उरलं होतं. माणिकरावांची थोरली बहीण पार्वतीबाई, सोनपेठला दिलेली. बाजाराच्या दिवशी दत्तराव यष्टीनं सोनपेठला गेले. पार्वतीबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. पाव्हणा एवढ्या लांबून भावाची जन्मतारीख विचारायला आला हे त्यांना आधी पटेना.

"कामून, पेन्शन लागायलीय का काय त्येला?"

"न्हाई आक्का, नुसतं म्हाइती पायजे."

"तारीख कुनाला ठावं. पन दिव्याची आवस व्हती. आखाडातली. आमचा मेंढवाडा गोदेच्या काठाला बसला व्हता. मी दिवे घासून वाळत घातलेले आन् आला पाऊस. वाती वल्या, काड्या वल्या, चंद्र तर नव्हताच. ह्यो जलमला गुडूप अंधारात." पार्वतीबाईंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. त्यांना आता हसू आवरत नव्हतं. "बापानं बिडी वढून वढून तिच्या उजेडात तोंड बघितलं आन् बोंबलला, पोरगी झाली! लय आनंद. राती वाड्यावर गूळ वाटला. नाव बी ठिवलं, गोदावरी. सकाळी सूर्य आला तवा आयला दिसलं काय ते. पन गूळ तर खाल्लाला. लोकं पुढं कितीतरी वर्सं चिडवायचे, गोदाबाई गोदाबाई. त्यानं मिशी फुटली की पीळ देयाला घेतला, तो आजपावेतो."

दत्तरावांना मागच्या वर्षीचा मेसेज आठवला. लाडक्या ताई. समस्त भगिनी. परभणी जिल्ह्यात एवढे मेसेज फिरत होते, त्यातून त्यांच्या बोटानं नेमका हा निवडला होता.

एक जून उजाडला. दत्तरावांनी काहीच धाडलं नाही. बानूबाईनं डोक्याला हात लावला.

"आवं, एक केक तरी धाडा!"

"न्हाई."

दुपारी चंदाचा फोन आला. "अण्णा, मामा सकाळपासून फोन उघडून तुमच्याच नावावर जायलेत. तुमचा मेसेज न्हाई म्हनून जेवले बी न्हाईत नीट. इतक्या जनांचे आले. तुमी इसरलाव का?"

"इसरलो न्हाई."

"मग?"

"अजून त्यांचा वाढदिवस आला न्हाई, बाई."

बापाला ऊन लागलं असावं असं चंदाला वाटलं, आणि तिनं आईला फोन द्यायला सांगितलं.

पुढचे दिवस दत्तरावांनी ज्या धीरानं काढले, त्याला तोड नाही. पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याला आलं, बानूबाईचं बोलणं सहन झालं. रोज कुणीतरी त्यांना सुप्रभात धाडत होतं, त्यांना परत एक धाडायचा मोह होत होता, आणि ते फोन खिशात घालत होते. आषाढ संपत आला. पंचमी तोंडावर आली. आवसेच्या दिवशी बानूबाईनं घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले, आणि दिवेलागणीला दत्तराव त्या पाटासमोर फोन घेऊन बसले.

"लिहू का मामा? तुमी सांगा, मी टाइप करते."

"तू लिवलं की ते तुझं व्हईल. मीच बोलतो."

"मग हे माईकचं चित्र दाबून धरा. बोट सोडलं की गेला समजा."

दत्तरावांनी दाबलं. "हां, आता बोलू का?" त्यांनी विजयमालाला विचारलं, आणि विचारताना बोट सोडलं. गेला.

विजयमालानं झडप घालून तो सगळ्यांसाठी डिलीट केला. त्याच्या जागी एक करडी ओळ उरली, की हा मेसेज डिलीट केला आहे.

"आता ही ओळ त्येला दिसंल?"

"दिसंल. नवीन धाडून वर ढकलू."

दत्तरावांनी ओळीकडं निरखून पाहिलं. "असू दे. पुढं ढकलनारा कशाला खोडंल? खोडलंय म्हंजी मानूस बसलाय हितं."

दत्तरावांनी पुन्हा दाबलं, यावेळी बोट नखापर्यंत पांढरं पडेस्तोवर.

"पाव्हणं, रामराम. मी दत्तराव बोलायलोय. आज दिव्याची आवस. तुमी आलाव त्या राती वाती वल्या व्हत्या म्हनं, एकबी दिवा लागला न्हाई. म्हनून आज आमी पाटावर एक दिवा तुमच्या नावाचा जास्तीचा लावलाय. तेल दाबून घातलंय, बानू वरडायलीय. मागच्या साली मी खालचं न वाचता धाडलं. चुकी माझी. औक्षवंत व्हा. बस, येवढंच."

मागं एडका एकदा ओरडला, तो आवाजही मेसेजातून गेला.

दोन खुणा उमटल्या. मग माईकचं चित्र निळं झालं, म्हणजे ऐकलं. मग वर 'टायपिंग' दिसलं. मग गेलं. परत दिसलं. परत गेलं. बानूबाईनं जास्तीच्या दिव्याची वात पुढं सारली, ज्या दिव्यावरून ती सकाळपासून भांडत होती.

आणि फोनच वाजला. विजयमालानं स्पीकर लावला.

"दत्तराव."

"बोला पाव्हणं."

"आवस कुनी सांगितली?"

"पार्वतीआक्कांनी."

साठीच्या त्या माणसाला त्याच्या खऱ्या दिवशी आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. आणि आता त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"आन् काय सांगितलं आक्कानं?"

"वाती वल्या व्हत्या म्हनल्या."

"आन् त्याच्या पुढं?"

दत्तरावांनी पाटाकडं पाहिलं. बिडी, गूळ, गोदावरी, सगळं जिभेच्या टोकावर होतं, आणि त्याहून वैयक्तिक शुभेच्छा जगात कुणालाच देता आली नसती.

"पुढं माझी यष्टी आली, पाव्हणं."

पलीकडं माणिकरावांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की स्पीकर खरखरला.

"बरं झालं. यष्टी कवा नव्हं ते येळंवर आली." मग घसा खाकरला. "हे बगा, पंचमीला मल्हारला मुराळी धाडू नका."

बानूबाईनं पदर तोंडाला लावला.

"मीच घेऊन येतो चंदाला. सासरा मुराळी झाला तर झाला. हसंनात लोक." जरा थांबून त्यांनी विचारलं, "दिवा लागलेला हाय का अजून?"

"हाय की."

"फोटू धाडा मग."

विजयमालाचा हात सवयीनं पुढं आला, पण दत्तरावांनी फोन दिला नाही. त्यांनी स्वतः काढला. फोटोत अर्धा दिवा आला आणि दत्तरावांचा अंगठा पूर्ण आला. तसाच धाडला.

थोड्या वेळानं माणिकरावांच्या नंबरवरून उत्तर आलं. लिहिणारी वेगळीच होती: "अण्णा, मामा तुमचा अंगठा समद्यांना दाखवायलेत. मी पिशवी भरायलेय. आईला सांगा, येताना काय आनू?"