बारा तारखेची थाळी

डहाणू स्टेशनसमोरच्या जिन्याखालच्या खोलीत एक साप्ताहिक निघायचं. सूर्यकांत तिथे प्रुफं तपासायचा. रेल्वेतून रिटायर झालेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पगार नावालाच होता, पण घरी बसून करायचं काय, भिंतींशी गप्पा मारायच्या? इथे निदान 'काका' म्हणून हाक मारायला कोणी होतं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी संपादक देवेश जाहिरातीसाठी वापीला निघाला. जाता जाता त्याने टेबलावर एक फोटो आणि त्याला टाचलेली पावती टाकली.

"काका, खाण्यापिण्याचा कॉलम रिकामाय. काहीतरी टाका."

"अरे, पण काय टाकू? जेवलास तू, मी नाही!"

तोवर पठ्ठ्या जिना उतरून गेलासुद्धा.

पावतीवर तलासरीच्या एका छोट्या हॉटेलचा शिक्का, राइस प्लेट एक, ताक एक. फोटोत स्टीलचं ताट होतं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, सुक्या बोंबलाची चटणी आणि भाताची मूद. मुदीवर कोणीतरी अंगठ्याने खळी केली होती, डाळ त्या खळीत बरोबर मावली होती. सूर्यकांत फोटोकडे बघत राहिला. त्याला असं कोणी वाढून सहा वर्षं झाली होती.

ताटात दिसलं तेवढं, ती खळीसुद्धा, त्याने लिहिलं; तिथेच थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण कॉलम भरायचा होता, आणि हात सुटला तो सुटलाच. 'परवाच तलासरीला जेवलो. डाळ अशी की बोटं चाटत बसावं. मालकीणबाई आग्रह करकरून वाढतात, पोट भरलं तरी मन भरत नाही.' सगळी शुद्ध थाप! लिहिताना मात्र त्याला खरंच जेवल्यासारखं वाटलं.

अंक निघाला आणि तिसऱ्या दिवशी एक माणूस जिन्याशी चपला काढून आत आला. हातात अंकाची घडी होती.

"मी सुदाम. तलासरीचं हॉटेल माझं. हे लिहिलं कोणी?"

आता हा जाहिरात देतो की शिव्या, असं मनात म्हणत सूर्यकांत उठला. "मीच. बसा."

"हॉटेल दोन महिने बंद आहे, साहेब. माझी बायको वारली. तुम्ही परवा जेवलात कुठे?"

 सूर्यकांतने ड्रॉवरमधून पावती काढली आणि तारीख पहिल्यांदाच नीट वाचली. बारा ऑक्टोबर. देवेशच्या कॅमेऱ्यातला रोल नरपडच्या एका लग्नाचे फोटो काढताना संपला, तेव्हा कुठे तो धुवायला गेला होता.

सुदामने पावती हातात घेतली. "पुतळीचं अक्षर," तो म्हणाला. "बारा तारखेला दुपारपर्यंत तिने हॉटेल सांभाळलं, मग भात कापायला गेली. तिथे पान लागलं, नाग होता. सकाळपासून मी इथे डहाणूला, बँकेत. त्या दिवशीचं तिच्या हातचं मला मिळालं नाही. म्हणून आलो. कसं झालं होतं, सांगा ना."

देवेश समोरच बसला होता. सूर्यकांतने आशेने त्याच्याकडे पाहिलं. "देवेश, तू जेवला होतास."

"दोन महिने झाले, काका. घाईत होतो," देवेश ओशाळून म्हणाला. "चांगलंच असणार."

एक गोड वाक्य, की माणूस समाधानाने घरी गेला असता. सूर्यकांतच्या ओठांवर ते आलंही होतं. पण सुदामचे डोळे पाहून ते त्याने गिळलं.

"सुदामभाऊ, मी जेवलो नाही. फोटो बघून लिहिलं. चव, आग्रह, सगळं मनातलं. चुकलो मी."

 सुदामने फोटो उचलला आणि भातावरच्या खळीला बोट लावलं.

"हे तरी खरं लिहिलंत. ती असंच करायची."

पुढच्या अंकात त्याच जागी चार ओळी आल्या. मी तिथे जेवलो नव्हतो, वाचकांची आणि हॉटेलमालकांची माफी मागतो. खाली सूर्यकांतचं नाव होतं. अंक आणि फोटो घेऊन तो रविवारी एसटीने तलासरीला गेला.

हॉटेलात टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. सुदामने ओळी वाचल्या, फोटो खिशात ठेवला आणि चूल पेटवली. तासाभराने एक ताट आलं. मुदीवर खळी होती, पण एका बाजूने ढासळलेली, डाळ सगळीकडे पसरलेली.

"कशी झालीय?" सुदामने विचारलं. "खरं सांगा."

सूर्यकांतने घास घेतला. "मीठ जास्त पडलंय."

सुदामने आपलंही ताट वाढून घेतलं, समोर बसला आणि डाळ चाखली.

"हो," तो म्हणाला. "जास्तच आहे."

दोघांनी ताटं संपवली.