स्वेटरात अडकलेलं बावीस कॅरेट

सोनाराच्या घरात अंगठीवरून भांडण कशाला होईल, असं लोकांना वाटतं. अहो, तिथेच तर होतं! हलवायाच्या घरी कधी साखरेवरून वाद झालेला ऐकला नाही का?

ठकू आणि तिचे अप्पा एकाच बाकावर समोरासमोर बसून काम करायचे. ठकूचं लग्न ठरलं होतं गल्लीच्या टोकाच्या सायकलवाल्याशी, आणि तेही तिनेच ठरवलं होतं. त्यामुळे ती हल्ली कानस मारतानाही गुणगुणायची. तिला लग्नात दुसरं काही नको होतं. फक्त आईचं माणिक हवं होतं, तेही रोज बोटात. कितीतरी वर्षं ते डबीत पडून होतं. जुनी अंगठी आईच्या मापाची होती, म्हणून खडा नव्याने बसवायचा होता.

"अप्पा, अठरा कॅरेटमध्ये बसवू या."

अप्पांच्या हातातली फुंकणी थांबली. "अठरा? तुझ्या आईचं माणिक, आणि त्याला चौथा हिस्सा तांबं?"

"तांबं आणि चांदी. म्हणून तर ते कडक होतं. बावीस मऊ असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. बिनखड्याची बांगडी बावीसची असू दे, पोचा पडला तरी ठोकून सरळ होते. पण खडा चार काट्यांवर उभा असतो. ते वाकले की खडा गेला!"

"रंग बघ आधी. बावीसचा पिवळा कुठे, नि अठराचा फिका कुठे."

"माणकाच्या बाजूला कोण बघतंय सोन्याचा रंग?"

"उद्या मोडायला गेलीस तर भाव कमी येईल."

"आईची अंगठी मी मोडायला जाईन?"

अप्पांनी नुसती फुंकणी पुन्हा तोंडाला लावली. दोन दिवसांत त्यांनी बावीस कॅरेटची झकास अंगठी घडवली, चार बारीक काटे काढले, माणिक बसवलं आणि ती स्वतःच्याच करंगळीत घातली.

"आठ दिवस घालतो. खडा हलला तर तुझं खरं. नाही हलला तर गुपचूप बावीस घालायचं, आणि सणासमारंभालाच."

"कबूल!" ठकू म्हणाली. खडा हलला तर हरवूही शकतो, हे तिला बोलून झाल्यावर सुचलं. पण आता माघार घ्यायची तर नाक कापलं जायचं.

त्या आठवड्यात अप्पांचं जे काही झालं ते बघून ठकूची हसून हसून पुरेवाट झाली. एरवी बैलासारखा राबणारा माणूस, पण डावा हात असा छातीशी धरून बसायचा की जणू त्यात अंडं आहे. हातोडी? "तू ठोक गं, माझा खांदा दुखतोय." बादली? "तू उचल." शर्टाची बाही चढवायची तर आधी मूठ रुमालात गुंडाळायची. गिऱ्हाईक नमस्कार करायला आलं तर अप्पा नुसतीच मान हलवायचे. दर तासाला पाठ फिरवून भिंग डोळ्याला लावायचे आणि ठकूने बघितलं की खोकायचे.

"खडा ठीक आहे ना, अप्पा?"

"ठणठणीत!"

ठणठणीत कसला! एक काटा केव्हाच थोडा उचलला गेला होता. पण कबूल करतील तर ते अप्पा कसले?

आठव्या दिवशी संध्याकाळी सायकलवाला आपल्या आईला घेऊन चहाला आला. बाईंनी त्याला स्वतः विणलेला जाड लोकरी स्वेटर घातला होता, निळा, हत्तीलाही सैल होईल असा. अप्पा जिंकायच्या आनंदात होते. खडा जागेवर, दिवस मावळलेला! हर्षभरात ते उठले आणि आठवडाभर जपलेल्या त्या हातानेच त्यांनी होणाऱ्या जावयाला घट्ट मिठी मारली.

आणि मिठी सुटेना.

"अप्पा, सोडा की," ठकू म्हणाली.

"हलू नकोस!" अप्पा जावयाच्या कानात ओरडले. "कोणीही हलू नका!"

उचललेला काटा लोकरीच्या फासात शिरला होता. हात ओढावा किंवा अंगठीतून बोट काढावं, तर काटा आणखी वाकतोय आणि खडा सुटतोय. नाही ओढलं तर सासरा जावयाच्या पाठीला चिकटलेला! सायकलवाला घाबरून पुतळ्यासारखा उभा.

"स्वेटर कापू नका हं," त्याची आई म्हणाली. "सबंध हिवाळा लागला मला."

"कोण कापतंय? सोनं कापेन, स्वेटर नाही," अप्पा म्हणाले. त्या बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात.

ठकूने दोघांना तसंच, खेकड्यासारखं आडवं चालवत दिव्याखाली नेलं. खाली पांढरी चादर पसरली. भिंग डोळ्याला, चिमटा हातात. पण हसू काही आवरेना! "हसू नकोस गं," सायकलवाला कळवळला, "मला गुदगुल्या होतायत." एकेक धागा चिमट्याने वर उचलत तिने फास काट्यावरून हलकेच ओढला. सुटला! आणि त्याच क्षणी माणिक निसटून स्वेटरच्या गळ्यातून आत.

मग काय विचारता! सायकलवाला नाचतोय, अप्पा "उडी मारू नको रे" म्हणत स्वतःच उड्या मारतायत, त्याची आई चादरीवर रांगतेय. शेवटी स्वेटरच्या खालच्या घट्ट काठात तो लाल थेंब हाताला लागला. ठकूने तो मुठीत धरला आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. हसता हसताच आलं, थांबवताही येईना.

अप्पा खाली बसले. करंगळीतल्या अंगठीचा तो काटा पार सरळ झाला होता, भाताच्या कोंबासारखा उभा.

"केव्हाचाच उचलला होता तो," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

त्यांनी अंगठ्याने काटा दाबला. तो लगेच वाकला.

"तुझ्या आईलाही मीच म्हणायचो. रोज नको घालूस, मऊ आहे, खडा पडेल. ती डबी उघडायची, बघायची आणि बंद करायची. मला वाटायचं, मी तिला सगळ्यात चांगलं दिलंय." त्यांनी नाक पुसलं. "घालायला कुठे दिलं गं मी तिला?"

दुसऱ्या दिवशी ठकू बाकावर आली तेव्हा अप्पांनी अठराचं सोनं मुशीत वितळवायला घेतलं होतं. रंग फिकाच आला, ते तीनदा कुरकुरले. पण काटे दाबताना त्यांना जोर लावावा लागला, तेव्हा मात्र गप्प झाले. शेवटी बोटाने खडा चारी बाजूंनी ढकलून पाहिला. मग लोकरीचा एक धागा आणून काट्यांवरून तो मागेपुढे फिरवला. कुठेच अडकला नाही.

"वर्षातून एकदा मला दाखवायला आणायची. अठराही काही अमर नाही."

"आणीन."

त्यांनी अंगठी तिच्या बोटात घातली. ठकू हात पुढे धरून बघत राहिली. माणिक असं स्वतःच्या बोटात तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग तिने जपून ती बोटातून काढली आणि पदराच्या टोकात बांधायला लागली. समोर गिऱ्हाइकाची बावीसची बांगडी ठोकायची पडली होती.

अप्पांनी गाठ सोडली. अंगठी पुन्हा तिच्या बोटात सरकवली आणि त्याच हातात हातोडी दिली.

"घालून ठोक," ते म्हणाले. "तो आवाज मला रोज ऐकू दे."